गोळी चुकल्याचं मेडिकलला आधी कळतं

तालुक्याच्या गावात बीपीच्या गोळ्या कोण घेतं याची सगळ्यात पक्की यादी डॉक्टरांकडे नसते, मेडिकलवाल्याकडे असते. डॉक्टर पेशंटला तीन महिन्यांनी बघतात, कधी कधी वर्षाने. मेडिकलवाला त्याला महिन्याला बघतो, त्याच्या मुलाला ओळखतो, उधारीही त्याच्याच वहीत असते. आणि गिऱ्हाईक गोळ्या न्यायला येईनासं झालं, तर तेही सर्वांत आधी त्याच्याच बिलांमध्ये दिसतं. फक्त त्या नजरेने ती बिलं कुणी वाचत नाही.

प्रतिबंधात्मक सेवा म्हटलं की आपल्याकडे शिबिर डोळ्यांपुढे येतं. मंडप, फ्लेक्स, नेत्यांचे फोटो, रांगेत उभी राहिलेली माणसं आणि टेबलावर बीपीचं मशीन. शिबिरात दीडशेच्या वर बीपी निघालेल्या माणसाला चिठ्ठी मिळते, तो ती खिशात घालतो आणि घरी जातो. पुढे त्याचं काय झालं हे आयोजकांना कळत नाही, कारण ते विचारायची सोयच केलेली नसते. दुसरी फॅशन म्हणजे 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजं. साठ-सत्तर तपासण्यांचा रिपोर्ट हातात पडतो, त्यातले दोन-तीन आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि माणूस घाबरतो. छोट्या गावातल्या दवाखान्याने आणि मेडिकलने या दोन्ही गोष्टींच्या मागे लागू नये, असं माझं मत आहे. त्यांच्या हातात याहून जास्त उपयोगाचं एक काम आहे: आधीच गोळ्या सुरू असलेल्या माणसाची गोळी बंद पडू न देणं.

हे काम किती मोठं आहे त्याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून येतो. देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी 24 टक्के आणि स्त्रियांपैकी 21 टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक चार-पाच मोठ्या माणसांमागे एक. सरकारी यंत्रणेने यावर एक सरळ उपाय करून पाहिला आहे. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात औषधांचा क्रम ठरलेला होता, गोळ्या एकदम महिनाभराच्या दिल्या जात होत्या आणि तारीख उलटूनही न आलेल्या पेशंटची यादी काढून त्यांना फोन केला जात होता. यातली शेवटची गोष्ट कुठलंही मेडिकल उद्यापासून करू शकतं.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण गोळ्या नेण्याची त्याची पद्धत कुठल्याही काउंटरवर ओळखीची वाटेल. वय 56, एसटीतून निवृत्त, थोडी शेती. डॉक्टरांनी अॅम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी लिहून दिली आहे. 2 जानेवारीला तो 30 गोळ्या नेतो. पुन्हा येतो 9 फेब्रुवारीला, 30 नेतो. मग 20 मार्चला पैशांची ओढाताण म्हणून फक्त 15. 18 एप्रिलला 30. त्यानंतर उगवतो तो थेट 6 जूनला.

हिशेब मांडला की चित्र उघडं पडतं. फेब्रुवारीत आठ दिवस गोळी नव्हती, मार्चमध्ये नऊ दिवस, एप्रिलमध्ये चौदा दिवस आणि मे-जूनमध्ये एकोणीस दिवस. एकूण 155 दिवस, गोळ्या 105, म्हणजे 50 दिवस गोळीशिवाय. टक्केवारीत हे जेमतेम 68 भरतं. औषध नियमित घेतलं असं म्हणायला अभ्यासक साधारण 80 टक्क्यांची रेघ धरतात. काकांना विचाराल तर ते मनापासून सांगतील, "रोज घेतो की! एखाद्या वेळी राहून जाते." ते खोटं बोलत नाहीत. चुकलेले दिवस माणसाच्या लक्षात राहत नाहीत. बिलावरच्या तारखा मात्र राहतात.

6 जूनला काका आधी दवाखान्यात जातात. बीपी निघतं 168/98. डॉक्टरांपुढे 105 आणि 155 हे आकडे नाहीत. त्यांना दिसतं ते एवढंच, की गोळी सुरू असूनही बीपी उतरलेलं नाही. ते दुसरी गोळी वाढवतात, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. आता काका घाबरून महिनाभर दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेतात. बीपी गरजेपेक्षा खाली येतं, सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि 'या गोळ्या मला सोसत नाहीत' म्हणून काका दोन्ही बंद करतात. मेडिकलने डॉक्टरांना एक ओळ कळवली असती, तर हे सगळं टळलं असतं: 'या पेशंटच्या गेल्या पाच महिन्यांत 50 गोळ्या चुकल्या आहेत.'

ही ओळ काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. आता बहुतेक दुकानांत बिलिंगचं सॉफ्टवेअर असतं, त्यात गिऱ्हाइकाच्या नावाने आधीची खरेदी दिसते. सॉफ्टवेअर नसेल तर आखीव वही पुरते. त्यात पाच रकाने: नाव, फोन, गोळी, किती दिवसांच्या दिल्या आणि कधी संपणार. महत्त्वाचा रकाना शेवटचा, कारण आपल्या वह्यांत विक्रीची तारीख असते, संपण्याची नसते. दर सोमवारी दुकान उघडल्यावर वही चाळायची आणि ज्यांची तारीख उलटून पाच दिवस होऊन गेले त्यांना फोन करायचा. स्ट्रिपच्या मागे किंवा पाकिटावर मार्करने पुढची तारीख लिहून दिली तर निम्मे फोन वाचतात.

यात एक खाच आहे. गोळ्या नेणारा एक आणि खाणारा दुसरा, असं आपल्याकडे सर्रास चालतं. आईच्या गोळ्या मुलगा नेतो, सासऱ्यांच्या सून, शेजारच्या आजींच्या कुणीतरी शाळकरी पोरगा. बिल नेणाऱ्याच्या नावावर फाटतं, नाहीतर नुसतं 'कॅश' म्हणून. मग आईच्या चार महिन्यांच्या गोळ्या तीन वेगवेगळ्या नावांवर विखुरतात आणि काहीच जुळत नाही. वही ठेवायची ती औषध घेणाऱ्याच्या नावाने. बायकांच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं, कारण स्वतःची गोळी आणायला स्वतः मेडिकलवर येणाऱ्या बायका कमी असतात.

फोनवर काय बोलायचं हे आधी ठरवलेलं बरं. "काका, गोळ्या संपल्या असतील, न्यायला या," एवढंच म्हटलं तर ते दुकानदाराचं बोलावणं वाटतं. "मध्ये काही त्रास झाला होता का?" असं विचारलं की खरी कारणं बाहेर येतात. ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडलेली असते. बी-बियाणांत आणि खतात पैसे अडकलेले असतात, त्यामुळे जूनमध्ये गोळ्यांचा खप बसतो. माणूस मुंबईला मुलाकडे गेलेला असतो, ऊसतोडीला गेलेला असतो, किंवा माउलींच्या पालखीबरोबर चालत असतो. आणि काही जणांचे घोटे सुजलेले असतात.

घोट्यांच्या सुजेला मी थोडी जास्त जागा देतो, कारण अॅम्लोडिपिन आपल्याकडे भरपूर लिहून दिलं जातं आणि ही सूज त्याचा नेहमीचा परिणाम आहे. संध्याकाळी चप्पल घट्ट होते, मोज्याची रेघ उमटते. माणसाला वाटतं किडनी गेली, आणि तो कुणाला न विचारता गोळी टाकून देतो. या औषधाने पायाकडच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाणी खाली उतरतं. डोस कमी करून, दुसरं औषध जोडून किंवा गोळी बदलून डॉक्टर हे सोडवू शकतात. मेडिकलवाल्याने गोळी बदलायची नाही, डोसही नाही. 'सूज या गोळीमुळे असू शकते, बंद करू नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा,' एवढं सांगायचं. सुजेबरोबर धाप लागत असेल, किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर मात्र आठवडा थांबायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं. ज्यांच्या गोळीच्या नावात शेवटी 'लोल' येतं, म्हणजे अॅटेनोलोल, मेटोप्रोलोल वगैरे, त्यांना आणखी एक वाक्य: ही गोळी अचानक बंद केली तर ठोके आणि दाब एकदम उसळू शकतात. वारीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्याचं उत्तर साधं आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी त्याला बोलवायचं, आणि जितके दिवस बाहेर राहणार तितक्या दिवसांच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायच्या.

इथे दवाखान्याचा भाग येतो. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि 1945 च्या औषध नियमांप्रमाणे एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं असतं. पुन्हा पुन्हा द्यायचं तर तसं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं हवं. व्यवहारात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: दोन वर्षांपूर्वीची मळकी चिठ्ठी, किंवा चिठ्ठीच नाही, नुसती रिकामी स्ट्रिप पुढे करायची. हे सरळ करायचं असेल तर डॉक्टरांनी 'दरमहा 30 गोळ्या, 3 महिने, नंतर तपासणी' असं स्पष्ट लिहावं. पेशंटची दर महिन्याची फी वाचते, मेडिकलवाला नियमात राहतो आणि तीन महिन्यांनी माणूस दवाखान्यात परततो. मेडिकलनेही महिन्यातून एकदा त्या डॉक्टरांना त्यांच्या पेशंटपैकी तारीख चुकवणाऱ्यांची यादी द्यावी. ज्या गावात दवाखाना आणि मेडिकल एकाच जिन्याखाली आहेत, तिथे हा कागद चार पायऱ्या चढण्याचा प्रश्न आहे.

आता दुकानात बीपी मोजण्याबद्दल. मोजणं सोपं, पण चुकीचं मोजणं त्याहून सोपं. मेडिकलच्या काउंटरपाशी माणूस उभा असतो, उन्हातून चालत आलेला असतो, तंबाखूची गोळी गालात असते, हात लोंबता असतो आणि मशीन फुगत असताना तो कांद्याच्या भावाबद्दल बोलत असतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो. एकट्या हाताचाच हिशेब बघा. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा साधारण 8 ने वाढून येतो. 134 चा माणूस 142 चा होतो आणि नाहक पेशंट ठरतो.

म्हणून दुकानात एक कोपरा लागतो. पाठ टेकेल अशी खुर्ची आणि हात ठेवायला टेबल. चहा, तंबाखू किंवा चालणं झालं असेल तर अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवी करून यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, शर्टाच्या बाहीवर नाही. बायकांसाठी पडदा हवा, घट्ट बाहीवरून मोजलेला आकडा विसरा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्हींची सरासरी तारखेसह कार्डावर लिहायची. मशीन दंडाचं घ्यावं, मनगटाचं नको, आणि पट्टे दोन मापांचे ठेवावेत. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडाला चालतो. जाड दंडावर तो ओढून बसवला की आकडा खोटा वाढतो. शिंप्याची टेप जवळ ठेवून दंड एकदा मोजला की वाद मिटतो. एका चांगल्या मशीनला दोन-तीन हजार रुपये पडतात. वर्षातून एकदा ते डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघावं.

एका वेळच्या मोजणीवरून कुणाला बीपीचा पेशंट ठरवायचं नाही. 140/90 किंवा त्याहून जास्त आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि कार्ड डॉक्टरांकडे पाठवायचं. वरचा आकडा 180 च्या पुढे किंवा खालचा 120 च्या पुढे गेला तर पाच मिनिटं बसवून परत मोजायचं. तेवढाच राहिला आणि तक्रार काही नसली, तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखत असेल, दम लागला असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात पाय जड पडला असेल किंवा जीभ अडखळत असेल, तर आकडा कितीही असो, गाडी बोलवायची. दुकानात बसवून ठेवून जिभेखाली बीपी उतरवणारी गोळी द्यायची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. ती घातक आहे. दाब धाडकन उतरला की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

मेडिकलवाल्याला जे दिसतं आणि डॉक्टरांना बहुतेक वेळा दिसत नाही, असं आणखी एक आहे. गुडघेदुखीची गोळी. बीपीच्या चिठ्ठीवर ती नसते, ती काउंटरवर मागितली जाते: "ती पांढरी दे रे, कंबरेची." डायक्लोफिनॅक, अॅसेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात, त्यामुळे बीपी चढतं आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी पडतो. त्यात माणूस टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी अशा दोन्हीवर असेल, ऊन मे महिन्याचं असेल, पाणी कमी प्यायलं असेल, तर या तिघांच्या मेळाने किडनीच बसू शकते. एकाच माणसाच्या या दोन खरेद्या एकाच वहीत दिसल्या की मेडिकलवाल्याच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. त्या गिऱ्हाइकाला दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. चार दिवसांच्या दुखण्याला बहुतेकांना पॅरासिटामॉल भागतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं, त्यांच्याबाबतही हीच सावधगिरी. अशी गोळी नाकारल्याने पाच-पंचवीस रुपयांची विक्री जाते, ती जाऊ द्यावी.

दुकानदाराच्या हिताचा प्रश्न इथेच येतो आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोळ्या विकणाऱ्याने गोळ्या चुकल्याची आठवण करायची, यात त्याचा फायदा आहेच. तो फायदा प्रामाणिक आहे, कारण त्या गोळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या आहेत आणि पेशंटला हव्या आहेत. पण बीपी मोजून झाल्यावर टेबलावर 'ताकदीच्या' टॉनिकची बाटली आली की सेवा संपली आणि सापळा सुरू झाला. गिऱ्हाईक हे लगेच ओळखतं. दुसरा धोका मोठ्याने बोलण्याचा. "काय काकू, बीपी परत वाढलं वाटतं?" हे काउंटरवर म्हटलं की संध्याकाळपर्यंत आळीभर होतं. वहीत नाव घालण्याआधी परवानगी घ्यावी, फोन त्या व्यक्तीलाच करावा, दुसऱ्या कुणी उचलला तर कारण सांगू नये. आणि हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस भलत्याच गावी, अशा दुकानात यातलं काहीच शक्य नाही. फार्मसी कायद्यानेही तशा दुकानात चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला औषधाबद्दल समजावून सांगणं हा फार्मासिस्टच्या कामाचाच भाग धरला आहे.

ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसाकडून झालेल्या पाठपुराव्याला किती फळ येतं, याचा एक नेमका प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये झाला. त्याचा अहवाल 2018 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या 52 केशकर्तनालयांत नेहमी येणारे 319 पुरुष त्यात होते, सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला. काही दुकानांत न्हाव्याने फक्त 'डॉक्टरांना भेटा, खाणं सांभाळा' असा सल्ला दिला. बाकीच्या दुकानांत फार्मासिस्ट तिथेच येऊन माणसाला भेटत राहिला आणि औषधांची घडी बसवत गेला. सहा महिन्यांनी सल्ल्याच्या गटात वरचा आकडा सरासरी 9 ने उतरला होता, फार्मासिस्टच्या गटात 27 ने. तिथे फार्मासिस्टला डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषध बदलता येत होतं, आपल्याकडे ती मुभा नाही. म्हणून आपल्याला एवढा मोठा फरक पडेल असं मी म्हणणार नाही. सल्ल्याच्या गटातही न्हावी ओळखीचाच होता. जास्तीचं होतं ते तारीख धरून पुन्हा पुन्हा भेटणं.

सुरुवात वीस गिऱ्हाइकांपासून करावी. एकदम दोनशे नावं घेतली की वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. तीन महिन्यांनी दोनच गोष्टी मोजाव्यात: वीसपैकी किती जणांच्या गोळ्या पाच दिवसांहून जास्त चुकल्या नाहीत, आणि किती जणांचं बीपी 140/90 च्या खाली आलं. दुसरा आकडा हलत नसेल आणि पहिला चांगला असेल, तर गोळी पोटात जातेय पण पुरत नाही, म्हणजे प्रश्न डॉक्टरांकडे न्यायचा. पहिलाच आकडा वाईट असेल तर प्रश्न घरात आहे किंवा खिशात, आणि तो डोस वाढवून सुटत नाही.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी आईच्या किंवा वडिलांच्या गोळ्या आणायला जाल तेव्हा बिल त्यांच्या नावाने करायला सांगा, फोन नंबर त्यांचा द्या, आणि गोळ्या कधी संपणार ती तारीख पाकिटावर लिहून मागा.